ॲपवर ७९१, बँकेत ७३८. दोन्ही माझेच, मग बँक नेमका कोणता आकडा धरते?

स्वरदा_म (२१ जून, सकाळी ९.१०)

घरासाठी ४० लाखांचं कर्ज काढतोय, मी आणि नवरा मिळून. अर्ज करण्याआधी मोबाइलमधल्या एका ॲपवर माझा क्रेडिट स्कोअर बघितला होता, ७९१ होता. काल बँकेतल्या मॅडमनी फाइल उघडून सांगितलं, "तुमचा ७३८ आलाय, त्यामुळे ७५०च्या वरचा दर लागणार नाही." दरात ०.१५ टक्क्याचा फरक आहे. २० वर्षांसाठी हिशेब केला तर ८.५० ऐवजी ८.६५ झाल्यामुळे महिन्याचा हप्ता साधारण ३८० रुपयांनी वाढतो.

माझ्या हातून आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. मग एकाच माणसाचे दोन आकडे कसे, आणि त्यात ५३ गुणांचा फरक कसा? बँकेला ॲपवरचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यांनी बघितलाही नाही. खूप राग आलाय, खरं सांगते.

रोखठोक (२१ जून, सकाळी ९.४८)

सिबिल हाच खरा स्कोअर. बाकी ॲपवरचे फुकटचे आकडे तुम्हाला कर्ज विकण्यासाठी फुगवलेले असतात. बँक फक्त सिबिल बघते. ॲप काढून टाका आणि विषय संपवा.

आणि हो, सारखा स्कोअर बघत बसलात तरी तो उतरतो, हे लक्षात ठेवा.

जुनीखातेवही (२१ जून, सकाळी ११.३०)

बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली शेवटची काही तर क्रेडिट ब्युरोंना दर महिन्याला माहिती पाठवण्याच्याच कामात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. चौघींना एकच कायदा लागू आहे, २००५ चा. चौघी ३०० ते ९०० याच पट्टीवर गुण देतात. त्यातली कोणतीही खोटी नाही. पण सिबिल सगळ्यात जुनी, २००० पासूनची. बाकीच्या तिघींना परवाने मिळाले ते २०१० मध्ये. त्यामुळे बऱ्याच बँकांची गृहकर्जाची दरपत्रकं सिबिलच्या आकड्यावरच बेतलेली आहेत. म्हणजे "बँक सिबिल बघते" हे गृहकर्जात पुष्कळदा खरं ठरतं, पण "बाकीचे फुगवलेले" हे खरं नाही.

स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो उतरत नाही. तुम्ही अर्ज करता आणि कर्ज देणारा रिपोर्ट मागवतो, त्याची नोंद चौकशी म्हणून होते. अशा चौकश्या थोड्या दिवसांत खूप झाल्या तर परिणाम होतो.

स्वरदाताई, आता तुमचं. राग साहजिक आहे, पण आकडा बाजूला ठेवा आणि मला तीन गोष्टी सांगा. ॲपवर खाली बारीक अक्षरात कोणत्या ब्युरोचं नाव आहे? तो रिपोर्ट किती तारखेचा आहे? आणि बँकेने कोणत्या ब्युरोचा, किती तारखेला काढला?

स्वरदा_म (२१ जून, दुपारी १.०५)

ॲप: एक्स्पीरियन, ३ जून. बँक: सिबिल, १९ जून. बँकेच्या मॅडमनी तारीख फोनवर सांगितली.

माणिक (२१ जून, दुपारी २.२०)

माझंही असंच आहे! एकीकडे ६९०, दुसरीकडे ६४०. दुचाकीच्या कर्जासाठी जायचंय, तर ६९० वाला रिपोर्ट छापून नेला तर चालेल ना? त्यांनी सिबिलच मागितला तर काय सांगू?

जुनीखातेवही (२१ जून, दुपारी ३.१५)

माणिक, रिपोर्ट निवडणं अर्जदाराच्या हातात नसतं. तुम्ही नेलेला कागद ते बाजूला ठेवतील आणि तुमच्या पॅनवर स्वतः काढतील, त्यांच्या धोरणात ज्या ब्युरोचं नाव आहे तिच्याकडून. काही ठिकाणी एकच काढतात, काही ठिकाणी दोन. मोठ्या रकमेला दोन आणि छोट्या रकमेला एक, असंही बघितलंय. बचत गटांची, सूक्ष्म कर्जाची माहिती क्रिफ हायमार्क आणि इक्विफॅक्सकडे आधीपासून चांगली साठलेली आहे, म्हणून त्या धंद्यातले लोक तिकडे वळतात. तेव्हा दुचाकीवाल्यांना अर्जाआधीच सरळ विचारा, "तुम्ही कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट काढता?" सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या ६४० चं कारण वेगळं बघावं लागेल, त्याकडे नंतर येतो.

स्वरदाताई, ३ जून आणि १९ जून या दोन तारखांमध्येच निम्मं उत्तर आहे. १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांनी महिन्यातून दोनदा माहिती पाठवायची असते, १५ तारखेची स्थिती आणि महिनाअखेरची स्थिती. पाठवायला सात दिवस, ब्युरोला ती चढवायला पाच दिवस. म्हणजे ३ जूनच्या रिपोर्टमध्ये बहुधा १५ मेची स्थिती होती आणि १९ जूनच्या रिपोर्टमध्ये ३१ मेची. या पंधरवड्यात तुमच्या कार्डावर काही मोठं झालं होतं का?

दुसरं म्हणजे, सिबिलच्या स्वतःच्या साइटवरून पूर्ण रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोकडून तो फुकट मिळतो, ॲपची गरज नाही. मग एक्स्पीरियनचा आणि सिबिलचा शेजारी ठेवून खाती मोजा. फक्त मोजा. संख्या जुळते का, ते आधी सांगा.

तन्मयी (२१ जून, रात्री ८.४०)

मध्येच विचारते, दोघांच्या नावावर कर्ज असेल तर कोणाचा स्कोअर धरतात? माझा चांगला आहे, नवऱ्याचा बेताचा.

पारिजात_७ (२१ जून, रात्री ९.१५)

आमच्या वेळी दोघांमधला कमी असलेला धरला होता. मैत्रिणीच्या बँकेने मात्र ज्याचं उत्पन्न जास्त त्याचा धरला. त्यामुळे ठाम उत्तर कोणी देऊ शकेल असं वाटत नाही.

जुनीखातेवही (२१ जून, रात्री १०.०२)

पारिजात म्हणतात तसंच आहे. रिझर्व्ह बँकेने ना किमान स्कोअर ठरवून दिलाय, ना कोणाचा धरायचा ते. प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. तन्मयी, शाखेत हाच प्रश्न विचारा, पण "आम्हाला कर्ज मिळेल का" असं न विचारता "दर ठरवताना तुम्ही कोणाचा स्कोअर धरता" असं विचारा.

स्वरदा_म (२२ जून, सकाळी १०.३०)

काल रात्री दोन्ही रिपोर्ट छापून जेवणाच्या टेबलावर मांडले. नवरा एक वाचत होता, मी दुसऱ्यात टिक करत होते.

एक्स्पीरियनमध्ये पाच खाती. सिबिलमध्ये सहा.

आधी कार्डाचं सांगते. मर्यादा १,५०,०००. एक्स्पीरियनमध्ये शिल्लक १८,०००, सिबिलमध्ये १,३१,०००. मे महिन्याच्या शेवटी घरासाठीचं सामान घेतलं होतं, ५ जूनला सगळं भरूनही टाकलं. एक रुपया व्याज लागलं नाही. तरी हे मोजतात?

आणि सहावं खातं बघून मी थक्कच झाले. शैक्षणिक कर्ज, `Ownership: Guarantor`. माझ्या मामेभावाचं. लग्नाआधी मामाने सांगितलं म्हणून जामीनदार म्हणून सही केली होती, नंतर विसरूनही गेले. त्यात गेल्या ऑक्टोबरमध्ये ३१ आणि नोव्हेंबरमध्ये ६२ असे आकडे आहेत. म्हणजे काय?

रोखठोक (२२ जून, सकाळी १०.५०)

म्हणजे थकलेले दिवस. हप्ता ३१ दिवस मागे, मग ६२ दिवस मागे. ताई, हे खातं लगेच काढून टाकायला सांगा, तक्रार नोंदवा. तुम्ही कर्ज घेतलंच नाही तर तुमच्या नावावर कसं?

जुनीखातेवही (२२ जून, दुपारी १२.१०)

रोखठोक, आकड्यांचा अर्थ बरोबर सांगितलात, पण तक्रारीचा सल्ला चुकीचा आहे. जामीनदाराची सही खरी असेल तर ते खातं तिच्या रिपोर्टमध्ये असणं रास्तच आहे. खरी नोंद तक्रार करून पुसता येत नाही. ब्युरो ती तक्रार कर्ज देणाऱ्याकडे पाठवते, तो "नोंद बरोबर आहे" असं कळवतो आणि तक्रार बंद होते. यात फक्त महिना जातो.

कार्डाबद्दल: वेळेवर भरलंत याचं श्रेय तुम्हाला मिळालंच आहे, हप्त्यांच्या रकान्यात कुठेही डाग नाही. पण शिल्लक ही त्या दिवशी काढलेल्या फोटोसारखी असते. ३१ मेच्या फोटोत मर्यादेपैकी ८७ टक्के वापरलेली दिसते, १५ मेच्या फोटोत १२ टक्के. ५ जूनला तुम्ही भरलंत हे त्या फोटोत येऊच शकत नाही. ८७ टक्के दिसलं की गणित समजतं, या माणसाला पैशाची ओढ आहे. हा परिणाम तात्पुरता असतो. १५ जूनची स्थिती सिबिलमध्ये उशिरात उशिरा २७ जूनपर्यंत चढायला हवी. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यासमोर `Date Reported` असतं, ते १५ जून झालेलं दिसलं की समजा.

आता खरा प्रश्न. तेच जामिनाचं खातं सिबिलमध्ये आहे आणि एक्स्पीरियनमध्ये नाही, हे कसं? जानेवारी २०१५ पासून प्रत्येक कर्ज देणाऱ्याने चारही ब्युरोंचं सदस्य व्हायला हवं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. म्हणजे माहिती चौघींकडे गेलेली असणार. मला एक सांगा, त्या नोंदीत तुमचं नाव आणि पॅन कसं आहे?

स्वरदा_म (२२ जून, दुपारी १२.४०)

नाव माहेरचं आहे. पॅनचा रकाना रिकामा. पत्ताही माहेरचाच.

जुनीखातेवही (२२ जून, दुपारी १.५५)

मग उलगडा झाला.

आम्ही बँकेतून फाइल पाठवायचो तेव्हा प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन असायचं. ब्युरोकडे कोणी माणूस बसून "ही तीच स्वरदा" असं ठरवत नाही, जुळणीचा नियम ठरवतो. पॅन असेल तर प्रश्न नसतो. पॅन नसेल आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर उरतात जन्मतारीख, फोन आणि पत्ता. एक ब्युरो म्हणते, एवढं पुरे, हे खातं या बाईंचंच. दुसरी म्हणते, नाव आणि पत्ता दोन्ही वेगळे, मी जोडणार नाही. मग ते खातं तुमच्या माहेरच्या नावाने वेगळ्याच फाइलमध्ये पडून राहतं. काही वेळा जुळणीपर्यंत जायच्या आधीच ब्युरोची तपासणी अशी अर्धवट ओळ नाकारून परत पाठवते. परत आलेल्या ओळी दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या असतात, पण ते काम मागे पडतं. हे मी रोज बघितलंय, आमच्या टेबलावरही त्यांचा ढीग असायचा, आणि त्यात लग्न होऊन नाव बदललेल्या बायकांच्या नोंदी मोठ्या संख्येने असायच्या.

मनाला लावून घेऊ नका, पण तुमच्या दोन आकड्यांपैकी अपुऱ्या माहितीवरचा आकडा ७९१ आहे. ७३८ कमी असला तरी त्याच्यामागची फाइल पूर्ण आहे.

दीपस्तंभ (२२ जून, संध्याकाळी ६.३०)

म्हणजे एक्स्पीरियन बघणारी बँक निवडली तर ताईंचं काम होईल, नाही का? चुकीचं काही नाही त्यात, माहिती त्यांच्याकडे नाही तर नाही.

पारिजात_७ (२२ जून, संध्याकाळी ७.०५)

मला ते पटत नाही. अर्जात "आपण कुणाला जामीन आहात का" हा रकाना असतो. तिथे "नाही" लिहिलं तर ते खोटं होईल, आता तर माहीत असूनही. आणि "हो" लिहिलं तर ते सगळं विचारणारच.

दीपस्तंभ (२२ जून, संध्याकाळी ७.२०)

लिहायचं "हो"च. मी लपवायला सांगत नाही. पण "हो" लिहूनसुद्धा दर स्कोअरच्या आकड्यावर ठरत असेल तर ताईंचा फायदा का होऊ नये? हप्ता मामेभावाने चुकवला, यांनी नाही.

जुनीखातेवही (२२ जून, रात्री ९.३०)

यावर माझंही मत पक्कं नाही. इतकं मात्र सांगतो, बँक फक्त आकड्यावर थांबत नाही. आकड्याने दराचा टप्पा ठरतो, पण मंजुरी देणारा पानं उलटतो: गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुठे ३०च्या वर, ६०च्या वर गेलंय का, आत्ता काही थकीत आहे का, अलीकडे किती ठिकाणी चौकशी झाली. माझ्या समोर ७८० वाला अर्ज आला आणि त्यात चालू थकबाकी दिसली तर मी थांबायचो. ७२५ वाला आला, एकच जुना डाग आणि त्याचं पटण्यासारखं कारण, तर वरच्या साहेबांकडे शिफारस करायचो. तेव्हा स्वरदाताईंनी मामेभावाकडून तीन गोष्टी घ्याव्यात: कर्जखात्याचा उतारा, डिसेंबरपासून हप्ते नियमित असल्याचं त्याच्या बँकेचं पत्र, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय झालं ते दोन ओळीत. ते फाइलला लावा.

स्वरदा_म (२२ जून, रात्री १०.१५)

त्याला फोन केला. आधी ओशाळला, मग म्हणाला, "ताई, नोकरी सुटली होती, तुला सांगायची लाज वाटली." डिसेंबरमध्ये सगळं भरलं म्हणाला. त्याच्यावर रागावण्याचं काही राहिलं नाही. पण जामीनदाराला बँकेने तेव्हा एक फोनही करू नये?

माणिक (२३ जून, सकाळी ८.१०)

काका, माझे दोन्ही रिपोर्ट काढले. ६४० वाल्यात एक मोबाइलचं हप्त्याचं कर्ज "चालू, थकीत ४,२००" दिसतंय. ते दोन वर्षांपूर्वी फेडलंय, बंद केल्याचं पत्रही आहे. ६९० वाल्यात तेच "बंद" आहे. माझ्याकडचा कमी आकडाही खरा आहे म्हणायचं का?

जुनीखातेवही (२३ जून, सकाळी ९.००)

नाही माणिक, तुमचं बरोबर उलटं आहे. इथे कमी आकडा चुकीच्या माहितीवरचा आहे आणि तो बदलता येतो. म्हणूनच खातं-खातं जुळवून बघायला सांगतो, नुसता आकडा बघून कळत नाही.

ब्युरोच्या साइटवर त्या खात्यासमोर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्राची प्रत जोडून लेखी कळवा. पत्रात "चारही ब्युरोंकडे दुरुस्ती पाठवावी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर एकीकडेच पाठवतात. एकूण ३० दिवस असतात, त्यातले २१ कर्ज देणाऱ्याचे. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. दुरुस्ती झाल्याशिवाय दुचाकीचा अर्ज करू नका.

स्वरदा_म (३० जून, दुपारी ४.३५)

पुढचं सांगायला आले.

२८ तारखेला सिबिल पुन्हा काढला, या वेळी थोडे पैसे भरून. कार्डासमोर `Date Reported` १५ जून, शिल्लक ९,४००. स्कोअर ७५९. म्हणजे २१ गुण फक्त त्या एका फोटोमुळे गेले होते म्हणायचे, निदान मला तरी तसंच वाटतं.

मामेभावाची कागदपत्रं घेऊन काल शाखेत गेले. मॅडमनी पुन्हा रिपोर्ट काढायला आधी नकार दिला, कारण त्यांच्याकडे आधीचा रिपोर्ट ३० दिवस चालतो. मी कार्डाचा उतारा दाखवल्यावर साहेबांना विचारून काढला. त्यांच्या पडद्यावर ७५१ आला. एक दिवसाच्या अंतरात माझ्याकडे ७५९, त्यांच्याकडे ७५१, ब्युरो तीच. काका, हे कसं?

जुनीखातेवही (३० जून, संध्याकाळी ६.२०)

आधी अभिनंदन, रेषेच्या वर आलात.

त्या आठ गुणांची दोन कारणं असू शकतात. एक, बँकेच्या दुसऱ्या चौकशीची नोंद मधे आली असेल किंवा एखादं खातं त्या दिवशी ताजं झालं असेल. दुसरं, स्कोअर काढायचं गणितच एकाहून जास्त प्रकारचं असतं. ब्युरो नवी आवृत्ती आणते, पण बँकेने आपले टप्पे जुन्या आवृत्तीवर बेतलेले असतात, म्हणून ती लगेच बदलत नाही. ग्राहकाला दिसणारा आणि बँकेला दिसणारा आकडा तेव्हा वेगळा येतो. बँकेच्या प्रतीवर स्कोअरच्या शेजारी त्या गणिताचं नाव छापलेलं असतं, तुमच्या प्रतीवरचं नाव त्याच्याशी ताडून बघा. नावं वेगळी निघाली तर आठ गुणांचा हिशेब मागण्यात अर्थ नाही, दोन वेगळ्या काट्यांवर केलेली वजनं आहेत ती. नावं एकच असतील तर मलाही सांगता येणार नाही. गणिताच्या आत काय आहे ते ब्युरो कुणाला दाखवत नाही, आम्हालाही कधी दाखवलं नाही.

रोखठोक (३० जून, संध्याकाळी ७.४५)

काका, मी जे ठामपणे लिहिलं होतं त्यातलं बरंच चुकलं, मान्य. मी स्वतःचेही चारही काढले. तिघांत नऊ खाती, एकात आठ. आता नववं शोधतोय.

स्वरदा_म (२ जुलै, सकाळी ११.२०)

मॅडमनी प्रत दाखवली. नाव वेगळं आहे, माझ्या प्रतीवरच्यापेक्षा जुनी आवृत्ती. ७५१ वर कमी दराचा प्रस्ताव वर पाठवलाय, जामिनाच्या खात्याचा खुलासा जोडून. साहेब म्हणाले की त्या ६२ दिवसांवर प्रश्न येऊ शकतो.

मामेभावाच्या बँकेला मी माझा पॅन आणि नवीन नाव लेखी दिलं. आता ते खातं एक्स्पीरियनमध्येही दिसेल आणि ७९१ खाली येईल, हे मला माहीत आहे. दीपस्तंभ यांना पटणार नाही कदाचित. पण पुढे कधी ते खातं अचानक जोडलं गेलं आणि भलत्या वेळी समोर आलं, तर मला पुन्हा तो दिवस नको.

दीपस्तंभ (२ जुलै, दुपारी १२.०५)

मी अजूनही म्हणेन की आधी कर्ज मंजूर होऊ द्यायचं होतं आणि मग पत्र द्यायचं होतं. मंजुरीचं काय होतंय ते इथे नक्की कळवा.